होस्टाइल ओपन ऑफर आली, तर शेअर द्यायचे की विकायचे?

प्रश्न: माझ्याकडे एका मिडकॅप कंपनीचे ४०० शेअर्स आहेत, सरासरी खरेदी ६१० रुपयांची. एका मोठ्या उद्योगसमूहाने एका फंडाकडून २७ टक्के हिस्सा घेऊन आता ७४० रुपयांनी आणखी २६ टक्क्यांची ओपन ऑफर आणली आहे. प्रमोटरांकडे १६ टक्के आहेत आणि ते म्हणतात की हे होस्टाइल टेकओव्हर आहे, शेअर देऊ नका. बाजारात भाव ७२८ आहे. टेंडर करू, म्हणजे ऑफरमध्ये देऊ, बाजारात विकू की धरून ठेवू? आणि अमेरिकेत कंपन्या पॉयझन पिल टाकून स्वतःला वाचवतात, तसं आपले प्रमोटर का करत नाहीत?

उत्तर:

तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेतो. त्याचं उत्तर कळलं की पहिल्या प्रश्नाचं निम्मं ओझं उतरतं. ओपन ऑफर म्हणजे ठरलेल्या भावाने भागधारकांकडून शेअर्स घ्यायचा जाहीर प्रस्ताव. त्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि एक गोष्ट सारखी दिसते. छोटा भागधारक ‘कोण बरोबर, कोण चूक’ यातच अडकतो आणि ज्या दोन आकड्यांवर त्याचे पैसे अवलंबून असतात ते बघायचे राहून जातात.

प्रमोटर पॉयझन पिल टाकत नाहीत, कारण आपल्याकडे त्यांना ती टाकताच येत नाही. या गोळीचं काम असं चालतं: संचालक मंडळ ठराव करतं की, कुणीही मंडळाच्या संमतीशिवाय समजा १५ टक्क्यांच्या वर हिस्सा नेला, तर तो सोडून बाकी सगळ्या भागधारकांना साधारण अर्ध्या किमतीत नवे शेअर्स घेता येतील. नवे शेअर्स निघाले की घेणाऱ्याचा हिस्सा एकदम पातळ होतो आणि त्याने घातलेल्या पैशांची किंमत घसरते. त्यामुळे शहाणा खरेदीदार त्या रेषेच्या अलीकडेच थांबतो. गोळी प्रत्यक्षात फुटायची वेळ जवळजवळ कधीच येत नाही. तिचा धाक पुरतो. अमेरिकेत, विशेषतः डेलावेअर राज्याच्या कायद्याखाली, हे सगळं संचालक मंडळ भागधारकांना न विचारता करू शकतं.

आपल्याकडे तीन ठिकाणी घोडं अडतं. काही भागधारकांनाच नवे शेअर्स द्यायचे, तर विशेष ठराव लागतो. असे शेअर्स कोणत्या किमान भावाने द्यायचे तेही सेबीच्या सूत्राने ठरतं, त्यामुळे अर्ध्या किमतीचा प्रश्नच उरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमावलीतला नियम २६. ऑफर जाहीर झाल्यापासून ती संपेपर्यंत टार्गेट कंपनीला, म्हणजे जिचे शेअर्स घ्यायचे आहेत तिला, नेहमीच्या व्यवहाराबाहेर मोठी मालमत्ता विकता येत नाही, मोठं कर्ज काढता येत नाही, मतदानाचा हक्क असलेले नवे शेअर्स काढता येत नाहीत, बायबॅक, म्हणजे स्वतःचेच शेअर्स परत विकत घेणं, करता येत नाही. हे करायचंच असेल तर टपाली मतदानाने विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी किमान तीन चतुर्थांश मतं बाजूने हवीत.

हा नियम प्रत्यक्षात कसा चावतो ते २०१९ च्या माइंडट्री प्रकरणात दिसलं. तुमची परिस्थिती त्याच्याशी बरीच जुळते, म्हणून ते थोडं सविस्तर सांगतो.

माइंडट्री ही बेंगळुरूची आयटी कंपनी. तिच्या संस्थापक प्रमोटरांकडे सगळे मिळून जेमतेम १३.३ टक्के होते. सर्वांत मोठा हिस्सा, २०.३२ टक्के, होता कॉफी डेचे व्ही. जी. सिद्धार्थ आणि त्यांच्या कंपन्यांकडे. १८ मार्च २०१९ ला मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने तो ९८० रुपये भावाने घेण्याचा करार केला. त्याच वेळी ब्रोकरला बाजारातून आणखी १५ टक्क्यांपर्यंत घ्यायची ऑर्डर दिली आणि ३१ टक्क्यांची ओपन ऑफर जाहीर केली, तीही ९८० नेच. बाजारातल्या ऑर्डरलाही ९८० चीच कमाल मर्यादा होती, त्यामागे साधं कारण आहे. ऑफर चालू असताना खरेदीदाराने कुठेही जास्त भाव दिला, तर ऑफरचा भावही आपोआप तितका वाढतो. बाजारात एक शेअर ९९० ला घेतला असता, तर ऑफरमधल्या प्रत्येक शेअरला ९९० द्यावे लागले असते.

प्रमोटरांनी उघड विरोध केला. त्यांच्या हाताशी बायबॅकचा विचार होता. त्यासाठी २० मार्चला मंडळाची बैठकही ठरली होती. ती पुढे ढकलली गेली आणि २६ मार्चला मंडळाने बायबॅकचा नाद सोडला. वाचणाऱ्यांना वाटलं की मंडळ कचरलं. पण गणित बघा. ऑफर जाहीर झाल्यावर बायबॅकला विशेष ठराव लागणार होता. समजा ८० टक्के शेअर्सचं मतदान झालं असतं. २०.३२ टक्क्यांचा एकच हिस्सा विरोधात गेला असता, तरी पडलेल्या मतांतला तो २५ टक्क्यांहून जास्त झाला असता आणि ठराव तिथेच पडला असता. थोडक्यात, बचावाची किल्ली कायद्याने मंडळाच्या हातून काढून भागधारकांकडे दिली आहे, आणि मोठा भागधारक आधीच पलीकडे गेला असेल तर प्रमोटरांच्या हाती आवाहन करण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

तुमच्या कंपनीत खरेदीदाराकडे २७ टक्के आहेत, म्हणजे विशेष ठराव तो एकटाच अडवू शकतो. त्यामुळे प्रमोटर काही तरी करतील आणि भाव वर जाईल, या आशेवर थांबू नका. भाव वाढायचे खरे मार्ग दोन. एक, दुसरा कुणी स्पर्धक ऑफर आणेल. त्यासाठी नियमात सविस्तर जाहीर निवेदनापासून १५ कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे. ती उलटून गेली असेल तर हा दरवाजा बंद झाला. दोन, खरेदीदार स्वतः भाव वाढवेल. हे तो टेंडरिंग सुरू होण्याच्या अगदी आधीपर्यंत करू शकतो, आणि पुरेसे शेअर्स येणार नाहीत असं वाटलं तरच करतो. माइंडट्रीत तशी वेळ आली नाही. स्वतंत्र संचालकांच्या समितीने ९८० हा भाव वाजवी असल्याचं मत दिलं, बाजारातल्या खरेदीने लार्सन अँड टुब्रो जवळपास २८.९ टक्क्यांवर पोचली, आणि जूनमध्ये ऑफर उघडल्यावर हवे होते त्याहून जास्त शेअर्स आले. लार्सन अँड टुब्रोचा हिस्सा ६० टक्क्यांवर गेला. जुलैच्या सुरुवातीला माइंडट्रीच्या तीन संस्थापकांनी राजीनामे दिले.

आता तुमचे ४०० शेअर्स.

पहिला आकडा म्हणजे स्वीकाराचं प्रमाण. ऑफर २६ टक्क्यांची आहे, म्हणून त्याहून जास्त शेअर्स आले तर प्रत्येकाचे त्या प्रमाणात घेतले जातात आणि उरलेले परत येतात. खरेदीदाराचे २७ आणि प्रमोटरांचे १६ वगळले, तर लोकांकडे ५७ टक्के आहेत. त्या सगळ्यांनी शेअर्स दिले तर ५७ पैकी २६ घेतले जातील, म्हणजे सुमारे ४५.६ टक्के. तुमच्या ४०० पैकी १८२ जातील, २१८ परत येतील. याहून वाईट एकच शक्यता: प्रमोटरांनीच शेवटी हात टेकून आपले शेअर्स ऑफरमध्ये दिले, तर प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास येईल. असं क्वचित होतं, पण विरोधाचा सूर अचानक मवाळ झाला तर ही शक्यता लक्षात ठेवा.

दुसरा आकडा: परत आलेले शेअर्स नंतर कोणत्या भावाने विकले जातील? हा भाव कुणालाच आधी कळत नाही, पण किमान किती असायला हवा ते काढता येतं. आज सगळे ४०० शेअर्स ७२८ ने विकले, तर २,९१,२०० रुपये येतात. टेंडर केले आणि १८२ गेले, तर १,३४,६८० येतात. फरक १,५६,५२० रुपयांचा. तो उरलेल्या २१८ शेअर्समधून भरून निघायचा, तर भाव ७१८ हवा. म्हणजे ऑफर संपल्यावर भाव ७१८ च्या वर राहील असं वाटत असेल तरच टेंडर बाजारविक्रीपेक्षा फायद्याचं. लोकांपैकी सगळ्यांऐवजी साधारण ६० टक्के शेअर्स आले, तर प्रमाण ७६ टक्क्यांवर जाईल. मग तुमचे ३०४ शेअर्स घेतले जातील आणि उरलेल्या ९६ साठी ६९० चा भाव पुरेल.

ऑफर संपल्यावर भाव सहसा उतरतो, आणि त्यात गूढ काही नाही. इतके दिवस ७४० ने घ्यायला तयार असलेला एक मोठा गिऱ्हाईक दारात उभा होता. तो निघून जातो. शिवाय ऑफरसाठीच शेअर घेऊन बसलेले आर्बिट्राज फंड परत आलेला माल लगेच बाजारात ओततात. माइंडट्रीचा भाव ऑफरनंतर थोड्याच दिवसांत ८०० च्याही खाली गेला होता. आज तुमच्या शेअरचा भाव ७४० ऐवजी ७२८ आहे, तो १२ रुपयांचा फरक म्हणजे याच धोक्याची बाजाराने लावलेली किंमत आहे. तो फरक बघत राहा. ऑफर जवळ येताना तो रुंदावला, तर प्रमाण कमी राहणार किंवा ऑफरला लागणारी सरकारी मंजुरी अडणार असं बाजार सांगतोय. भाव ७४० च्या वर गेला, तर टेंडर करण्यात अर्थच नाही. सरळ बाजारात विका.

हे इतकं उघड असूनही लोक चुकतात. २०२२ मध्ये एनडीटीव्हीसाठी अदानी समूहाची ऑफर २९४ रुपयांची होती आणि बाजारात भाव त्याच्या बराच वर होता, तरी ५३ लाखांवर शेअर्स त्या ऑफरमध्ये दिले गेले. पुढे डिसेंबरात समूहाने संस्थापक रॉय दांपत्याचे शेअर्स ३४२.६५ ने घेतले आणि ऑफरमध्ये शेअर्स दिलेल्यांना वरचे ४८.६५ रुपये द्यावे लागले. कारण नियमच तसा आहे: ऑफर संपल्यापासून २६ आठवड्यांत खरेदीदाराने ठरवून केलेल्या सौद्यात, मग तो ब्लॉक डील का असेना, जास्त भाव दिला तर आधी शेअर्स दिलेल्यांना फरक मिळतो. तुमच्या बाबतीत हा नियम कामाचा ठरू शकतो. प्रमोटर पुढे थकून १६ टक्के विकायला निघाले आणि त्यांना ७४० हून जास्त मिळाले, तर त्या मुदतीत तो भाव तुमच्या १८२ शेअर्सनाही लागू होईल. बाजारात ७२८ ने विकलेल्याला यातलं काही मिळणार नाही.

धरून ठेवायचा पर्याय राहिला. तो पूर्णपणे नवा मालक कंपनीचं काय करेल यावर अवलंबून आहे आणि इथे मला तुमच्या कंपनीबद्दल ठाम सांगता येणार नाही. माइंडट्रीत ९८० ला शेअर्स दिलेल्यांना सहा महिने आपण बरोबर होतो असं वाटलं. २०२१ मध्ये भाव ४,००० च्या वर गेला. त्यातला मोठा वाटा त्या काळात सगळ्याच आयटी शेअर्सना आलेल्या तेजीचा होता, पण ज्यांना वाटलं होतं की संस्थापक गेले की कंपनी बसेल, त्यांचा अंदाज खोटा ठरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती लार्सन अँड टुब्रोच्याच एलटीआय या दुसऱ्या आयटी कंपनीत विलीन झाली, १०० माइंडट्री शेअर्सना एलटीआयचे ७३ या प्रमाणात. तेव्हा धरून ठेवणार असाल तर हेही विचारा: घेणाऱ्या समूहाची याच धंद्यातली दुसरी लिस्टेड कंपनी आहे का? असेल, तर एक ना एक दिवस विलीनीकरण येईल आणि त्या वेळचं शेअर बदलाचं गुणोत्तर तुमचा परतावा ठरवेल.

अमेरिकेतली गोळी भागधारकाच्या भल्याची की वाईटाची, हेही तुम्हाला जाणून घ्यायचं असेल, असं धरून एक प्रकरण सांगतो. औद्योगिक वायू विकणारी एअरगॅस आणि तिच्यावर डोळा ठेवणारी एअर प्रॉडक्ट्स. फेब्रुवारी २०१० मध्ये एअर प्रॉडक्ट्सने ६० डॉलर रोख देऊ केले. त्याआधी शेअर चाळिशीत होता. एअरगॅसच्या मंडळाने नकार दिला. त्यांच्याकडे १५ टक्क्यांची गोळी होती आणि शिवाय नऊ संचालकांपैकी दर वर्षी तिघेच निवडून येणार अशी रचना. गोळी काढायला मंडळ ताब्यात हवं आणि मंडळ ताब्यात यायला दोन वार्षिक सभा जिंकायला हव्यात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की बचाव खरा भक्कम होतो. नुसती गोळी तितकी टिकत नाही.

एअर प्रॉडक्ट्सने पहिली सभा जिंकली. सप्टेंबर २०१० मध्ये तिचे तीन उमेदवार मंडळावर आले. पुढची सभा जानेवारीतच घ्यायचा ठरावही भागधारकांनी मंजूर केला, पण डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. डिसेंबरात अखेरची ऑफर आली, ७० डॉलर. मंडळ म्हणालं, किमान ७८ हवेत. आणि नवल म्हणजे एअर प्रॉडक्ट्सनेच निवडून आणलेले तिघेही कंपनीची आतली कागदपत्रं बघून तेच म्हणाले. फेब्रुवारी २०११ मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाचे प्रमुख न्यायाधीश, चान्सलर विल्यम चँडलर यांनी गोळी वैध ठरवली आणि एअर प्रॉडक्ट्सने माघार घेतली.

साधारण सव्वापाच वर्षांनी, २०१६ मध्ये, फ्रान्सच्या एअर लिक्विडने एअरगॅस १४३ डॉलरने घेतली. ७० वरून १४३, म्हणजे लाभांश सोडून वर्षाला साधारण साडेचौदा टक्के. थांबलेल्यांचं कल्याण झालं. पण त्या वेळी बरेच शेअर्स ७० मिळवून बाहेर पडायला आलेल्या फंडांकडे होते आणि त्यांना तो पर्याय मंडळाने मिळूच दिला नाही. माझं मत विचाराल तर मंडळाला वेळ आणि घासाघीस करायची ताकद देणारी गोळी योग्य. भागधारकांनी एकदा मतदान केल्यानंतरही त्यांना विक्रीपासून रोखणारी गोळी योग्य नाही, मग शेवटी भाव कितीही वर गेला तरी. एअरगॅसचं मंडळ प्रामाणिक होतं आणि त्याचा अंदाज खरा ठरला, म्हणून ही गोष्ट चांगली संपली. त्याच कायद्याने खुर्ची सोडायची नसलेल्या मंडळालाही तितकंच संरक्षण मिळू शकतं. म्हणूनच मला आपला नियम २६ जास्त पसंत आहे.

एका बाबतीत मात्र अमेरिकेचा भागधारक आपल्यापेक्षा सुखी आहे. तिथे टेंडर ऑफर किमान २० कामकाजाचे दिवस उघडी राहते आणि ती उघडी असेपर्यंत दिलेले शेअर्स परत मागता येतात. आपल्याकडे टेंडरिंगचा काळ १० कामकाजाचे दिवस आणि एकदा शेअर्स टेंडर केले की मागे घेता येत नाहीत. तेव्हा पहिल्या दिवशी घाई करू नका. पहिल्या दिवशी देणाऱ्याला आणि शेवटी देणाऱ्याला भाव एकच आणि प्रमाणही एकच. रोज संध्याकाळी एक्स्चेंजच्या वेबसाइटवर किती शेअर्स आले ते दिसतं; पण मोठे फंड शेवटच्या दोन दिवसांत येतात, म्हणून सुरुवातीचा कमी आकडा बघून हुरळू नका. नवव्या दिवशी निर्णय घ्या. दहाव्या दिवसावर ढकलू नका, कारण ब्रोकरची स्वतःची कट-ऑफ वेळ एक्स्चेंजच्या आधी असते आणि डिपॉझिटरीचा ओटीपी त्या दिवशीच अडकलेला मी बऱ्याचदा पाहिला आहे. टेंडर केल्यावर शेअर्सवर लीन लागतो, म्हणजे ते खात्यात दिसतात पण विकता येत नाहीत. ऑफर संपल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत पैसे येतात आणि न घेतलेल्या शेअर्सचा लीन निघतो. एक्स्चेंजच्या खिडकीतून दिल्यामुळे कर नेहमीच्या शेअर विक्रीसारखाच लागतो.

लेटर ऑफ ऑफर, म्हणजे ऑफरच्या अटी सांगणारं खरेदीदाराचं पत्र, आलं की त्यातलं भागभांडवलाचं कोष्टक उघडा आणि माझे ५७ आणि २६ हे आकडे तिथल्या ताज्या आकड्यांनी बदला. खरेदीदाराने मधल्या काळात बाजारातून काही घेतलं असेल तर ५७ कमी होईल आणि तुमचं प्रमाण सुधारेल. स्वतंत्र संचालकांच्या समितीचं मत टेंडरिंगच्या निदान दोन कामकाजाचे दिवस आधी वर्तमानपत्रात येतं. तेही वाचा, आणि प्रमोटरांचं पत्र शेजारी ठेवून वाचा. समितीने भाव वाजवी म्हटला असेल आणि प्रमोटरांच्या पत्रात ७४० च्या विरोधात एकही आकडा नसेल, फक्त संस्कृतीची आणि कर्मचाऱ्यांची गोष्ट असेल, तर तुमच्या जागी मी निम्मे शेअर्स आधीच बाजारात ७२८ च्या आसपास विकून टाकीन आणि उरलेले २०० टेंडर करीन. त्यातले परत येतील ते नव्या मालकाखाली ठेवायची तुमची तयारी आहे का, तेवढं मात्र टेंडर करण्याआधी ठरवा.